नेमणूकपत्र हाती आल्यावर : शेतीशी निगडित कंपन्यांतील नोकऱ्या आणि आपली पदवीधर मुले

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्हाला विषय दिला गेला तेव्हा कार्यकर्त्यांपैकी एकाने हळूच विचारले, "साहेब, लालबाग-परळच्या पोरांना शेतीचे काय सांगणार? इथे कुंडीत तुळस लावायला गॅलरी नाही." प्रश्न बरोबर होता. पण आपल्या वाडवडिलांनी गिरणीत जन्मभर कापूसच हाताळला ना? १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींतल्या खोल्या तेवढ्या राहिल्या. त्या कापसाचे बियाणे विकणाऱ्या कंपन्या मात्र अजून आहेत आणि त्यांना पदवीधर लागतात. महिको ही बियाणे कंपनी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात काढली. सरकारी महाबीज अकोल्याला १९७६ पासून आहे. ठिबक सिंचनाचे नाव निघाले की जळगाव आलेच, आणि नाशिकजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्स शेतकऱ्यांची द्राक्षे, टोमॅटो घेऊन त्यावर प्रक्रिया करते. खते, औषधे, पशुखाद्य, मसाले, फळांचा गर, गोठवलेल्या भाज्या या धंद्यांची हेड ऑफिसे पुष्कळदा मुंबईत आणि कामे मात्र दूर, अशी ही मांडणी आहे. मुलाखत चर्चगेटला होते आणि नोकरी दारव्ह्याला लागते.

आम्ही स्वतः बियाण्याच्या धंद्यात, विक्रीच्या बाजूला, आयुष्य घालवले. म्हणून आज कंपन्यांची यादी वाचून दाखवणार नाही. एकच गोष्ट सांगणार आहोत : नेमणूकपत्र हाती आले की ते कसे वाचायचे. या धंद्यात पाऊस, भाव आणि उधारी ही तीन संकटे कायमची असतात. त्यांतले कोणते संकट कंपनी स्वतः सोसते आणि कोणते नव्या पोराच्या अंगावर ढकलते, हे पत्रातच लिहिलेले असते. वाचता यावे लागते इतकेच.

मागल्या वर्षी आमच्या शेजारच्या चाळीतला एक मुलगा दोन पत्रे घेऊन आला. नाव सांगत नाही. बी.एस्सी. झालेला, रसायनशास्त्र विषय. कृषी पदवी नाही. बियाण्याच्या संशोधनाला आणि बीजोत्पादनाला कृषी पदवीच मागतात, पण विक्रीसाठी काही कंपन्या साधा बी.एस्सी.ही घेतात. एक पत्र तसल्या बियाणे कंपनीचे, वर्षाला ३ लाख ६० हजार, विदर्भात. दुसरे तुर्भ्याच्या एम.आय.डी.सी.तल्या फळांचा गर काढणाऱ्या कारखान्याचे, महिना १८ हजार. घरात आनंदीआनंद. आई म्हणाली, "तीस हजार आणि अठरा हजार, यात विचारायचे काय?" आम्ही म्हटले, "ताई, कागद-पेन्सिल आणा."

बियाणे कंपनीच्या पत्रात ३ लाख ६० हजार हा जो आकडा होता, त्याला सी.टी.सी. म्हणतात, म्हणजे कंपनीला हा माणूस वर्षाला केवढ्याला पडतो तो आकडा. तो पगार नव्हे. त्यातले ६६ हजार इन्सेंटिव्हचे होते, टार्गेट पुरे झाले तर मिळणार. कंपनीच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड, महिना १,८०० प्रमाणे २१,६०० त्यातच धरला होता. ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता मिळून १४,४०० आणखी. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षे भरल्याशिवाय हातात येत नाही, हे लक्षात ठेवा. हे सारे वजा केल्यावर वर्षाचे २ लाख ५८ हजार राहिले, म्हणजे महिना साडेएकवीस हजार. त्यातून मुलाच्या वाट्याचा फंड १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापून बँकेत जमा होणार १९,५००. तीस हजारांतले साडेदहा हजार पत्राच्या दुसऱ्या पानावरच गळाले.

आता तालुक्याच्या गावी खोली चार हजार आणि खानावळ चार हजार धरा. राहिले साडेअकरा. मग मोटारसायकल. बियाण्याच्या फील्ड ऑफिसरला दिवसाला ८० किलोमीटर काही जास्त नाहीत. महिन्यात चोवीस दिवस फिरला तर १,९२० किलोमीटर होतात. पत्रात लिहिले होते, किलोमीटरला साडेतीन रुपये, पण जास्तीत जास्त १,२०० किलोमीटर. म्हणजे मिळणार ४,२००. पेट्रोलच साडेचार हजारांचे जाते आणि ऑइल, टायर, पंक्चर यांचे सातशे धरा. हजार रुपये खिशातून. शिल्लक साडेदहा हजार. शिवाय हे प्रवासाचे बिल महिना संपल्यावर पाठवायचे आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीस पैसे यायचे. म्हणजे मुलाचेच सात-आठ हजार रुपये कायम कंपनीकडे अडकलेले. पहिल्या दोन महिन्यांचे पेट्रोल कुणाच्या पैशाने भरायचे, हा प्रश्न आपल्या घरांत लहान नाही.

तुर्भ्याच्या अठरा हजारांतून फंड, ई.एस.आय. आणि व्यवसाय कर कापून १५,८०० च्या आसपास हातात. कॉटन ग्रीनहून हार्बरने जायचे, पुढे गाडी बदलून तुर्भे. पास, चहापाणी दीड हजार धरा. घरी राहून चौदा हजारांवर शिल्लक. म्हणजे तीस हजारांच्या नोकरीत साडेदहा आणि अठरा हजारांच्या नोकरीत चौदा. आई कागदाकडे बघतच राहिली.

पण हिशेब इथेच थांबवला तर तोही खोटा ठरेल. इन्सेंटिव्हचे ६६ हजार मिळणार की नाही, हे ठरवायला बियाण्याचा हंगाम कसा चालतो ते माहीत पाहिजे. कापसाचेच बघा. ४७५ ग्रॅमचे पाकीट येते, त्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. २०२५ च्या खरिपात ती ९०१ रुपये होती. म्हणजे चांगले वाण म्हणून कंपनी भाव चढवू शकत नाही, पाकिटे जास्त खपवणे एवढाच मार्ग उरतो. म्हणून उन्हाळ्यातच माल कृषी सेवा केंद्रांवर नेऊन टाकतात. याला धंद्यात प्लेसमेंट म्हणतात. बिल फाटते, कागदावर विक्री झाली. पण शेतकऱ्याने अजून एकही पाकीट नेलेले नसते. कापूस पेरायला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमीन ओली व्हावी लागते. पाऊस लांबला की शेतकरी सोयाबीनकडे वळतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुकानदार न खपलेली पाकिटे परत पाठवतो. हा झाला सेल्स रिटर्न.

समजा, टार्गेट ६,००० पाकिटांचे आहे. पोराने धावपळ करून ७,००० टाकली. साहेबांनी मे महिन्यात पाठ थोपटली. पाऊस लांबला, २,१०० परत आली. खरी विक्री ४,९००, म्हणजे टार्गेटच्या ८२ टक्क्यांच्या आत. आणि पत्रात बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ९० टक्क्यांच्या खाली इन्सेंटिव्ह शून्य. ६६ हजार गेले. काही कंपन्या आणखी पुढे जाऊन परत आलेल्या मालाचे वाहतूक भाडेही माणसाच्या खात्यावर धरतात. तेव्हा मुलाखतीत अगदी नम्रपणे विचारायचे : "सर, टार्गेट प्लेसमेंटवर धरता की रिटर्न वजा जाता? रिटर्न किती टक्क्यांपर्यंत चालतो? या भागात मागल्या हंगामात किती टार्गेट होते आणि किती झाले?" ज्या साहेबाला आपला भाग माहीत आहे, तो आकडे सांगतो. जो नुसते "मेहनत करो, सब मिलेगा" म्हणतो, त्याच्याकडे सांगण्यासारखे आकडे नसतात, असे आमचे मत झाले आहे.

याहून मोठी खोड उधारीची. ती आमच्याच अंगावर शेकली आहे, म्हणून सांगतो. उमेदवारीत एका कंपनीने आम्हाला एक तालुका दिला. आधीचा माणूस सोडून गेला होता. का गेला, हे आम्ही विचारले नाही. नोकरी मिळाली हेच मोठे वाटत होते. हंगाम संपल्यावर वसुलीला निघालो तर तीन दुकानदार म्हणाले, "आमच्याकडे बाकी नाही, तुमच्या माणसाला रोख दिले." कंपनीच्या वहीत बाकी होती, दुकानदाराच्या वहीत नव्हती, आणि आमच्याकडे कागदाचा कपटा नव्हता. दोन महिन्यांचा पगार अडकला. तो पुढे मिळाला, पण त्या दोन महिन्यांत घरी काय पाठवले हे आमच्या आईलाच माहीत. धंद्यात यावर साधा इलाज आहे. चार्ज घेताना प्रत्येक दुकानदाराकडून बाकीची खात्री करणारे पत्र घ्यायचे. बॅलन्स कन्फर्मेशन म्हणतात त्याला. अमुक तारखेला अमुक कंपनीची माझ्याकडे इतकी बाकी आहे, एवढ्या दोन ओळी, खाली सही आणि दुकानाचा शिक्का. कंपनीने जुन्या माणसाला सोबत देऊन किंवा साहेबाने स्वतः फिरून ही पत्रे करून दिली पाहिजेत. मुलाखतीत विचारा, "चार्ज कसा मिळेल?" या एका प्रश्नावरून पुष्कळ कळते.

आणि कंपनीला विचारून झाले की बाजाराला विचारा. आपल्या घरांतले कोणी ना कोणी गावाकडे आहेच. पाहुण्यांना सांगा, त्या तालुक्यातल्या तीन कृषी सेवा केंद्रांवर जा. या कंपनीचा माणूस तीन वर्षांत किती वेळा बदलला? परत घेतलेल्या मालाची क्रेडिट नोट वेळेवर येते का? दुकानदार कंपनीवर चिडलेला असेल तर त्याचा राग हंगामभर आपल्या पोराला सोसावा लागतो. याच फेरीत खोलीचेही बघून यावे. आडनाव विचारून खोली नाकारणारी गावे अजून आहेत. ते आधी कळलेले बरे, सामान घेऊन एस.टी.तून उतरल्यावर नको.

आता तुर्भ्याकडे वळू. इथे एक गोष्ट आपल्या बी.एस्सी. मुलामुलींना ठाऊकच नसते. अन्न सुरक्षेच्या परवान्याच्या २०११ च्या नियमांत अट आहे की अन्नपदार्थ तयार करणाऱ्या परवानाधारकाने उत्पादनावर देखरेखीसाठी किमान एक तांत्रिक माणूस ठेवावा. त्याच्याकडे रसायनशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा अन्न व पोषण या विषयातली विज्ञान पदवी, नाहीतर फूड टेक्नॉलॉजीची पदवी वा पदविका असावी. म्हणजे लालबागचा साधा बी.एस्सी. केमिस्ट्री कारखान्याला कायद्यानेच लागतो. कीटकनाशके विकणाऱ्या दुकानांनाही आता अशीच पदवी किंवा पदविका असलेला माणूस लागतो. ही आपली ताकद आहे आणि धोकाही इथेच आहे. काही ठिकाणी माणूस नको असतो, नुसती पदवी हवी असते. "येऊ नका, सर्टिफिकेट द्या, महिना तीन हजार घ्या," असे सांगणारे भेटतात. देऊ नका. तपासणीत नाव तुमचे निघते.

आमच्या ओळखीच्या एका मुलीला कारखान्यात लागून पंधरा दिवस झाले नाहीत तोच कागदांचा गठ्ठा सहीसाठी आला. त्यात फॉर्म ९ होता. तिला वाटले हजेरीचाच काही प्रकार असेल. फॉर्म ९ म्हणजे कंपनीने आपली जबाबदार व्यक्ती म्हणून कोणाला नेमले त्याचा कागद. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ६६ व्या कलमाप्रमाणे उद्या कंपनीकडून गुन्हा घडला तर ही व्यक्ती त्याला उत्तरदायी धरली जाते. तांत्रिक माणूस म्हणून नाव देणे वेगळे, ते खरोखर काम करत असाल तर जरूर द्या. पण ट्रेनी पोरीने फॉर्म ९ वर सही करायची नसते. ती मालकाने किंवा कारखान्याच्या मॅनेजरने करावी. तिने वडिलांना विचारते म्हणून कागद घरी आणला, म्हणून वाचली.

मुलाखतीला गेल्यावर, "सर, प्रयोगशाळा बघू का?" असे विचारायला हरकत नाही. आंब्याच्या गरात साखर किती हे मोजायला ब्रिक्स मोजणारे यंत्र असते, आंबटपणासाठी पी.एच. मीटर असतो, प्रत्येक लॉटचा नमुना फडताळात तारीख घालून ठेवलेला असतो. यंत्रावर धूळ आहे का बघा. नोंदवही उघडी असली तर नजर टाका. संध्याकाळपर्यंतचे रकाने दुपारीच भरलेले दिसले, सगळे आकडे एकसारखे दिसले, तर तिथे मोजत नाहीत, लिहितात. तिथे शिकायला काही मिळणार नाही आणि माल परत आला की दोष प्रयोगशाळेवर येईल. परवाना चालू आहे की नाही ते घरबसल्या कळते. पाकिटावरचा चौदा अंकी नंबर foscos.fssai.gov.in वर टाकून बघावा. आणि एक प्रश्न विसरू नका : "आंबा संपल्यावर काय चालते?" गराचा हंगाम उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाळ्याच्या सुरुवातीला संपतो. नंतर पेरू, टोमॅटो असे काही चालत असेल तर नोकरी बारमाही, नाहीतर सप्टेंबरात कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "बाद में बुलाएंगे."

कॉन्ट्रॅक्टर म्हटले, कारण त्या मुलाचे तुर्भ्याचे पत्र कारखान्याच्या नव्हे, कॉन्ट्रॅक्टरच्या लेटरहेडवर होते. ते एवढ्यावरून वाईट ठरत नाही. पण मग अनुभवाचा दाखला कोण देणार आणि मागल्या तीन वर्षांत किती जणांना कारखान्याच्या रोलवर घेतले, हे विचारलेच पाहिजे. बियाण्यात पाच वर्षे टिकलेला मुलगा एरिया मॅनेजर होऊ शकतो. कॉन्ट्रॅक्टरकडचा केमिस्ट पाच वर्षांनी तिथेच असू शकतो. चौदा आणि साडेदहाच्या हिशेबाला ही दुसरी बाजू आहे.

अॅपवाल्या नव्या कंपन्यांबद्दल थोडे बोलतो, कारण त्यांची ऑफिसे लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात दिसतात आणि मुलांना ओढ वाटते. शेतमाल घेऊन दुकानांना पोचवणे, मोबाइलवर शेतकऱ्याला सल्ला देणे, अशी कामे. यांतल्या पुष्कळांचा पगार धंद्यातून नव्हे, गुंतवणूकदारांच्या पैशातून निघतो. तो आटला की माणसे कमी होतात. आतली हालत बाहेरून बघण्याची एक खिडकी आहे. प्रॉव्हिडंट फंडाच्या सरकारी संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. कंपनीचे नाव घातले की कोणत्या महिन्याचा फंड कधी भरला आणि किती जणांचा भरला ते दिसते. वर्षभरापूर्वी चारशे माणसे आणि आता दीडशे, किंवा तीन महिने भरणाच नाही, असे दिसले तर एच.आर.ची बाई कितीही गोड बोलली तरी सावध व्हा. हीच खिडकी बियाणे कंपनीला आणि कॉन्ट्रॅक्टरलाही लागू आहे.

महाबीज, नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन, चेंबूरची आर.सी.एफ. या सरकारी संस्थांत आरक्षण आहे, खाजगीत नाही. सरकारी जागांसाठी जाहिरात निघायच्या आधी कागद तयार ठेवा. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण केंद्राच्या नोकरीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागतात, राज्याचा चालतोच असे नाही. मुदत संपायला चार दिवस असताना धावणारी मुले आम्ही दर वर्षी बघतो. आणि सरकारी असो वा खाजगी, नोकरीसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी किंवा कोरा चेक मागितला, मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले, की तिथून उठायचे.

त्या मुलाचे काय झाले, हे आई-बहिणींच्या चेहऱ्यावर दिसतेच आहे. तो फिरस्तीच्या कामाकडे ओढला होता, ते त्याच्या बोलण्यात कळत होते. आम्ही त्याला नाही म्हणू नको असे सांगितले, पत्र लिही म्हटले. त्याने तीन गोष्टी मागितल्या : किलोमीटरची मर्यादा १,८०० करावी, पहिल्या महिन्यात प्रवासासाठी अॅडव्हान्स द्यावा आणि चार्ज बॅलन्स कन्फर्मेशनसह मिळावा. कंपनीने पहिली आणि तिसरी मान्य केली, तीही लेखी. अॅडव्हान्स दिला नाही, तो मामाने दिला. टार्गेटचा नियम बदलला नाही, म्हणून ते ६६ हजार धरायचेच नाहीत असे घरात ठरले.

तो फेब्रुवारीत गेला. सोळा दुकानांपैकी चौदांनी शिक्का मारून दिला. दोघे म्हणाले, "पुढल्या आठवड्यात या." तिसऱ्या आठवड्यातही त्यांनी तेच सांगितले, तेव्हा त्या दोन दुकानांची बाकी आपण स्वीकारलेली नाही असे त्याने साहेबांना लेखी कळवले आणि त्या पत्राची प्रत आईकडे पाठवली. ती तिने पेटीत, त्याच्या मार्कशीटांसोबत ठेवली आहे.